टॉन्सिल्स, ताप आणि रजेचा अर्ज

‘माझा पाल्य तब्येत बरी नसल्यामुळे दि. १५ ते १७ या काळात शाळेत येऊ शकला नाही. तरी कृपया त्याची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत वर्गशिक्षिकेच्या टेबलावर सकाळी येणाऱ्या दहा अर्जांपैकी आठ-नऊ याच चालीवरचे असतात. काही शाळांच्या दैनंदिनीत तर मजकूर छापलेलाच असतो. पालकांनी फक्त तारखा आणि कारण भरायचं आणि सही ठोकायची. बाई हजेरीच्या कॅटलॉगवर खूण करतात, अर्ज फाइलला लागतो आणि विषय संपतो.

डोकेदुखी, पोट बिघडणं, पाय मुरगळणं अशा कारणांसाठी एवढा मजकूर पुरतो. टॉन्सिल्स सुजले असतील तर मात्र तो अपुरा पडतो. हा आजार एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाऊ शकतो, त्यातल्या एका प्रकारात ताप उतरल्यावरही आठवडाभर औषध चालू ठेवावं लागतं, आणि क्वचित त्याचा खरा त्रास मूल शाळेत परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो. म्हणून या अर्जात दोन नोंदी हव्यात, ज्या जवळपास कुणीच लिहीत नाही: ताप कधी सुरू झाला, आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर त्याचा पहिला डोस कधी दिला. मूल शाळेत कधी पाठवायचं, हे याच दोन नोंदींवरून ठरतं.

टॉन्सिल्स म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंना, पडजिभेच्या आजूबाजूला असलेल्या मऊ गाठी. तोंडावाटे आणि नाकावाटे येणाऱ्या जंतूंशी त्यांचा पहिला सामना होतो, आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत हा सामना सारखाच चालू असतो. त्यात त्या सुजतात, लाल होतात, कधी त्यांच्यावर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात. बहुतेक वेळा यामागे विषाणू असतो, म्हणजे सर्दी-पडशाचीच भावंडं. अशा वेळी अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. चार-पाच दिवसांत घसा आपोआप निवळतो. शाळकरी वयातल्या घसादुखीत साधारण चार-पाचांपैकी एका मुलाला मात्र ‘स्ट्रेप्टोकोकस’ नावाच्या जिवाणूची बाधा झालेली असते. दवाखान्यात त्याला नुसतं ‘स्ट्रेप’ म्हणतात. दहा दिवसांचा औषधाचा कोर्स लागतो तो याला.

दोन्हींत फरक कसा करायचा? घशात टॉर्च मारून शंभर टक्के खात्रीनं ते सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. पण खुणा असतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, तोंड आलंय, अशी लक्षणं बरोबर असली तर संशय विषाणूवर जातो. उलट अचानक चढलेला ताप, गिळताना कळ, जबड्याखाली हाताला लागणाऱ्या आणि दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी, टॉन्सिल्सवर ठिपके आणि खोकल्याचा पत्ता नाही, असं चित्र पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात दिसलं की डॉक्टर स्ट्रेपचा विचार करतात. पक्कं करायचं तर घशातला स्वॅब तपासायला पाठवतात. त्याच्या कल्चरचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस जातात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तिसरीतली एक मुलगी. सोमवारी, १४ जुलैला शाळेतून आली तेव्हा ठीक होती. संध्याकाळी जेवणाला नाही म्हणाली आणि रात्री अंग तापलं, थर्मामीटरवर १०२. मंगळवारी सकाळी थुंकी गिळतानाही रडू यायला लागलं. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. सर्दी नाही, खोकला नाही, टॉन्सिल्स सुजलेले, ठिपके आहेत, गाठी दुखतात. डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिन लिहून दिलं, दिवसातून दोनदा, दहा दिवस. तापासाठी पॅरासिटामॉल, गरजेपुरतं. पहिला डोस मंगळवारी संध्याकाळी सात वाजता पोटात गेला. बुधवारी दिवसभर ताप शंभर-एकशे एकच्या आसपास घुटमळत राहिला. पॅरासिटामॉल शेवटचं दिलं ते बुधवारी रात्री नऊला. गुरुवारी सकाळी उठली तेव्हा अंग थंड होतं, आणि मऊ वरणभात मागून घेतला.

बुधवारी, म्हणजे मुलगी अजून अंथरुणात असतानाच, आईनं लिहिलेला अर्ज असा असू शकतो:

दि. १६ जुलै २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापक यांस,
(वर्गशिक्षिका, इयत्ता ३री, तुकडी ब, यांच्यामार्फत)

विषय: टॉन्सिल्सच्या आजारामुळे रजा मिळण्याबाबत.

महोदय,
माझी मुलगी कु. अ. ब. क. (इयत्ता ३री ब, हजेरी क्र. १७) हिला सोमवार, दि. १४ जुलै रोजी रात्रीपासून ताप व घसादुखी आहे. दि. १५ रोजी डॉक्टरांनी तपासून टॉन्सिल्सचा संसर्ग असल्याचे सांगितले व अँटिबायोटिक सुरू केले. पहिला डोस दि. १५ रोजी सायंकाळी ७ वाजता दिला आहे.

दि. १५, १६ व १७ जुलै या तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. गुरुवारी दिवसभर ताप आला नाही तर ती शुक्रवार, दि. १८ पासून शाळेत येईल. ताप राहिल्यास तसे कळवीन.

औषध दि. २५ जुलैपर्यंत चालू राहील. ते सकाळी व रात्री घरीच देणार असल्याने शाळेत द्यावे लागणार नाही. पहिले काही दिवस तिला वर्गात मधूनमधून पाणी पिऊ द्यावे व खेळाच्या तासाला बसू द्यावे. बुडालेला अभ्यास मैत्रिणीच्या वह्यांवरून पूर्ण करून घेईन.

आपली विश्वासू,
(पालकांची सही व फोन क्रमांक)

एका पानाच्या आत बसणारा हा मजकूर आहे. त्यातली ‘सायंकाळी ७ वाजता’ ही नोंद वाचून एखाद्या मुख्याध्यापकांच्या भुवया उंचावतील. शाळेला औषधाच्या वेळेशी काय करायचंय? पण सगळ्या अर्जातली सर्वांत कामाची नोंद तीच आहे. योग्य अँटिबायोटिक सुरू झालं की स्ट्रेपचा जंतू घशातून फार झपाट्यानं कमी होतो. मुलांना संध्याकाळी ॲमॉक्सिसिलिन देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा घसा पुन्हा तपासण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला आहे. दहांपैकी सुमारे नऊ मुलांच्या घशात सकाळी तो जंतू सापडला नाही. पूर्वी तिथले बालरोगतज्ज्ञ मुलाला औषधानंतर पूर्ण २४ तास घरी ठेवायला सांगत. आता त्यांच्या संघटनेच्या शिफारशीत किमान १२ तास आहेत. आपल्याकडे बरेच डॉक्टर आजही एक पूर्ण दिवस सांगतात, आणि त्यात काही चूक नाही. मुद्दा असा की घड्याळ सुरू होतं ते पहिल्या डोसपासून. डॉक्टरांनी तपासलं कधी किंवा ताप आला कधी, यावरून ते सुरू होत नाही. मंगळवारी सकाळी चिठ्ठी मिळाली आणि औषध बुधवारी दुपारी आणलं, असं घरोघरी होतं. त्या घरातलं घड्याळ बुधवारी दुपारी सुरू झालं.

दुसरी अट तापाची. औषधाचे बारा तास भरले तरी अंगात ताप असेल तर मूल घरीच राहायला हवं. इथे एक गोम आहे. सकाळी साडेसहाला पॅरासिटामॉल पाजलं की सात वाजता रिक्षात बसलेलं मूल अगदी टवटवीत दिसतं. त्याचा असर चार-सहा तासांत उतरतो आणि अकराच्या सुमाराला, मधल्या सुट्टीनंतर, बाई ऑफिसमधून फोन लावतात: ‘अहो, हिचं अंग भाजतंय, घेऊन जा.’ शाळेच्या कारकुनांना हा फोन तोंडपाठ असतो. म्हणून ताप गेला असं कधी म्हणायचं, तर तापाचं औषध न देता चोवीस तास थर्मामीटर १००.४ च्या खाली राहिला तर. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं शेवटचं पॅरासिटामॉल बुधवारी रात्री नऊचं. त्याचा असर गुरुवारी पहाटेपर्यंत संपला. गुरुवारी दिवसभर आणि रात्रीही ताप आला नाही. शुक्रवारी ती शाळेत जायला मोकळी झाली. गुरुवारी संध्याकाळी तापाची कणकण परत जाणवली असती तर शुक्रवार हातचा गेला असता, आणि अर्जातलं ‘तसे कळवीन’ हे वाक्य त्यासाठीच आहे. परतीची तारीख अटीसह लिहिली की पुन्हा नवा अर्ज लिहावा लागत नाही, एक फोन पुरतो.

औषध २५ जुलैपर्यंत का? मंगळवार संध्याकाळ हा पहिला डोस धरला तर दिवसाला दोन याप्रमाणे विसावा डोस पुढच्या शुक्रवारी सकाळी येतो. मूल तिसऱ्या दिवशी दंगा करायला लागतं, पाचव्या दिवशी बाटली फ्रिजच्या दारात मागे सरकते आणि सातव्या दिवशी तिची कुणाला आठवणही राहत नाही. घसा बरा वाटणं आणि जंतू पुरता निघून जाणं यांत अंतर असतं. दहा दिवसांचा कोर्स त्या अंतरासाठी असतो. अर्जात शेवटची तारीख लिहिली की घरातही ती कुणाच्या तरी डोळ्यांसमोर राहते. पोरगी वर्गात आहे आणि औषध अजून चालू आहे, हे बाईंनाही ठाऊक असतं.

शाळेत औषध द्यायची वेळ येऊ नये, हे डॉक्टरांकडेच ठरवून घ्यावं. बऱ्याच शाळा मुलांना औषध पाजण्याची जबाबदारी घेत नाहीत, आणि सत्तर मुलांच्या वर्गात कुणाला किती मिली द्यायचं हे बाईंनी लक्षात ठेवावं ही अपेक्षाही रास्त नाही. पॅरासिटामॉलच्या सिरपच्या बाटल्या तर वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात; एका बाटलीतले पाच मिली म्हणजे दुसरीतल्या पाच मिलीच्या दुप्पट औषध असू शकतं. दप्तरात बाटली घालून पाठवणं त्यामुळे टाळलेलंच बरं. दिवसातून तीनदा घ्यायचं औषध असेल तर ‘दोनदा देता येईल असं काही आहे का?’ एवढा प्रश्न चिठ्ठी लिहून होण्याआधी विचारायला काही हरकत नाही.

हे सगळं स्ट्रेपचा संशय असलेल्या मुलाबद्दल झालं. विषाणूमुळे टॉन्सिल्स सुजले असतील तर अर्ज आणखी सोपा होतो. ‘डॉक्टरांनी विषाणूजन्य संसर्ग सांगितला असून अँटिबायोटिकची गरज नाही’ असं एक वाक्य, आणि परतीची अट फक्त तापाची आणि खाण्या-पिण्याची. मूल पाणी पितंय, थोडंफार जेवतंय, चोवीस तासांत ताप नाही, तर ते शाळेत जाऊ शकतं. घसा किंचित खवखवत असला तरी. अडचण इथे वेगळीच येते. काही शाळा दोन दिवसांच्या रजेलाही डॉक्टरांचा दाखला मागतात. मग ज्या मुलाला घरी मऊ भात, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि झोप एवढंच हवं होतं, त्यालाही दाखल्यासाठी दवाखान्याच्या रांगेत बसवावं लागतं. दवाखान्यात गेलंच आहे तर आई-वडिलांना ‘काहीतरी स्ट्राँग’ हवं असतं, आणि न लागणारं अँटिबायोटिक पदरात पडतं. लांबलेल्या आजारपणासाठी दाखला मागणं समजू शकतं. दहावी-बारावीत तर त्याला फारच महत्त्व येतं, कारण सीबीएसईच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते आणि ती आजारपणामुळे कमी पडली तर अर्जासोबत वैद्यकीय कागदपत्रं जोडावी लागतात. पण तिसरीतल्या मुलाच्या दोन दिवसांच्या घसादुखीला पालकांची सही पुरेशी मानायला हवी.

अर्जात काय लिहू नये, याचाही विचार व्हावा. रक्ताच्या रिपोर्टचे आकडे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची पूर्ण नक्कल, गेल्या वर्षीच्या आजारपणाची कहाणी, यांची शाळेला गरज नसते. आणि हे सगळं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. सकाळी पावणेसातला ‘टीचर, आज हिला बरं नाही, टॉन्सिल्स झालेत’ असा मेसेज ग्रुपवर पडतो आणि सात वाजेपर्यंत पंचवीस पालकांचे हात जोडलेले इमोजी, तीन काढ्यांच्या कृती आणि ‘कालच माझी तिच्या शेजारी बसली होती’ अशी एक घाबरलेली नोंद जमा होते. बाईंना वेगळा मेसेज करावा आणि मूल परत जाईल तेव्हा लेखी अर्ज पाठवावा. वर्गात दोन-चार मुलं एकाच आठवड्यात अशी आजारी पडली तर इतर पालकांना कुणाचंही नाव न घेता सावध करणं, हे शाळेचं काम आहे. आणि शाळेला ते करता यावं म्हणूनच अर्जात आजाराचं नाव स्पष्ट लिहायचं.

सगळेच अर्ज खरे असतात असं नाही, हे शिक्षकांना कुणी सांगायला नको. लग्नसराईत आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्यांच्या आगेमागे तापाची साथ कशी येते, याचं त्यांना मुळीच कोडं पडत नाही. फ्रँक मॅकोर्ट हे न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं शिक्षक होते. पुढे ते लेखक म्हणून गाजले. २००५ साली आलेल्या ‘टीचर मॅन’ या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की मुलं पालकांच्या नावानं खोट्या चिठ्ठ्या लिहीत, आणि त्यांत वर्गातल्या निबंधांपेक्षा कितीतरी जास्त कल्पकता असे. शेवटी त्यांनी असल्या चिठ्ठ्या लिहिणं हाच वर्गातला स्वाध्याय करून टाकला. खरी चिठ्ठी बहुधा रुक्ष असते. तिच्यात तारखा असतात, तापाचा आकडा असतो आणि शब्दांचा फुलोरा नसतो.

काही वेळा मात्र अर्जाचा कागद बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं लागतं. मुलाला तोंड पुरतं उघडता येत नाही, तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज येतो, लाळ गिळता न आल्यानं ती बाहेर ओघळते, दुखणं एकाच बाजूला वाढत जातं, ही टॉन्सिलमागे पू साठल्याची लक्षणं असतात. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक मिनिटही थांबू नये. घशात राखाडी रंगाचा, चिकटून बसलेला पापुद्रा दिसला आणि मान सुजली तर घटसर्पाची शंका घ्यावी लागते. लसीकरणामुळे घटसर्प खूप कमी झाला असला तरी आपल्या देशातून तो गेलेला नाही. पाचव्या-सहाव्या वर्षीचा बूस्टर आणि नंतर दहाव्या व सोळाव्या वर्षीचं टीडीचं इंजेक्शन राहून गेलेलं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं. असा रुग्ण सापडला तर शाळेला त्याच दिवशी फोन करायचा. तिथल्या मुलांची तपासणी आणि औषधं आरोग्य विभागाला तातडीनं ठरवावी लागतात.

‘नंतर काय?’ हा प्रश्न राहतो, आणि सुरुवातीला सांगितलेली तापाची तारीख इथे पुन्हा उपयोगी पडते. स्ट्रेपचा नीट उपचार झाला नाही तर काही थोड्या मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो, ज्याला डॉक्टर ‘रूमॅटिक फीव्हर’ म्हणतात. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो बरा होऊन घोटा धरतो. मूल लवकर दमतं. क्वचित हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू होतात, अक्षर बिघडतं. यात हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते आणि भारतात आजही त्यामुळे तरुण वयात झडपांची ऑपरेशनं करावी लागतात. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत अँटिबायोटिक सुरू झालं तरी हा धोका टाळता येतो, म्हणजे स्वॅबच्या रिपोर्टसाठी दोन दिवस थांबलं तर काही बिघडत नाही. पण महिन्याच्या सुरुवातीला घसा धरला होता, हे महिनाअखेरीस कुणाच्या लक्षात राहत नाही. खेळाच्या तासाला लंगडणारी मुलगी सरांना दिसते. तिच्या फाइलीत तीन आठवड्यांपूर्वीचा तारीखवार अर्ज असेल तर ‘पडली असेल’ म्हणून ते विसरून जाणार नाहीत, घरी फोन करतील.

अर्जांचा आणखी एक उपयोग पालकांना सहसा सुचत नाही. ‘हिचे टॉन्सिल्स सारखे सुजतात हो, काढून टाकायचे का?’ हा प्रश्न कान-नाक-घसातज्ज्ञांना रोज ऐकावा लागतो. त्यावर जगभर वापरला जाणारा निकष पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांच्या अभ्यासातून आला: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा धरला असेल तर ऑपरेशनचा विचार करावा. आणि प्रत्येक वेळची डॉक्टरांची नोंद हवी: ताप किती होता, गाठी होत्या का, ठिपके होते का, स्वॅब काय म्हणाला. नोंदीचा हा आग्रह उगाच नाही. १९७८ साली पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ मुलांवर लक्ष ठेवलं. या मुलांचे घसे सारखे धरतात असं घरचे सांगत होते, पण लेखी पुरावा नव्हता. पुढे प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा सांगितलेली गोष्ट फक्त ११ मुलांच्या बाबतीत खरी ठरली. पालक खोटं बोलत नव्हते. आजारपणाच्या रात्री लांबलचक वाटतात आणि दोनाचे पाच कधी होतात ते कळत नाही, एवढंच. शाळेत देण्याआधी प्रत्येक अर्जाचा फोनवर फोटो काढून ठेवला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवली, तर वर्षाअखेरीस हा हिशेब तयार मिळतो. बऱ्याचदा तो पाहून ऑपरेशन टळतं, कारण वय वाढेल तसे हे आजार कमी होत जातात आणि वर्षभर वाट पाहणं हाही एक रास्त उपचार ठरतो. झोपेत घोरणं, मध्येच श्वास अडकणं अशी लक्षणं असतील तर मात्र हा आकड्यांचा हिशेब लावत बसायचं नसतं. त्या मुलांचा निर्णय वेगळ्या कारणावर होतो.

ऑपरेशन ठरलंच तर त्याच्या रजेचा अर्ज वेगळा. मुलाला साधारण दहा ते चौदा दिवस घरी ठेवावं लागतं. तोंड उघडलं की घशात पांढुरका थर दिसतो. तो खपलीचा असतो, पू नसतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ही खपली निघते आणि त्याच वेळी रक्तस्रावाची शक्यता सर्वांत जास्त असते. मूल तोवर बरंच हिंडू-फिरू लागलेलं असतं, म्हणून आठव्या दिवशी त्याला शाळेत धाडायचा मोह होतो. शाळेत, सहलीत किंवा मैदानावर थुंकीतून रक्त आलं तर वेळेत रुग्णालयात पोचवायला कोण असणार, हा विचार करून तो मोह आवरायचा. अर्जात ऑपरेशनची तारीख, परतीची तारीख, आणि खेळ, कवायत, पोहणं यांतून किती दिवसांची सूट हवी ते लिहावं; सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडावी. बरेच पालक ही सगळी यातायात टाळण्यासाठी ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीत ठेवतात. मग अर्जाची गरज पडत नाही, पण तारीख ठरवताना शाळा उघडण्याच्या दिवसापासून मागे किमान दोन आठवडे मोजून घ्यावे लागतात, आणि मामाच्या गावचं तिकीट ऑपरेशनच्या आधीचं काढावं लागतं.